जाहिरातीचे फळ आणि त्याचा वटाव

दिवाळीची उलाढाल आटोपली, वह्यांचे मेळ जुळवून झाले, की अनेक पेढ्यांवर एक प्रश्न हमखास निघतो. वर्षभरात जाहिरातीवर जो पैसा गेला, तो परत आला का? घरातील तरुण पिढी म्हणते, "विक्री वाढलेली दिसत नाही का?" वडीलधारी मंडळी म्हणतात, "विक्री वाढली, पण गल्ल्यात काय उरले?" दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते. जाहिरातीचा परिणाम एका दिवसात येऊन संपत नाही आणि कायमचाही राहत नाही. तो पहिल्या महिन्यात ठळक दिसतो व पुढे महिन्यामागून महिना ओसरत जातो. अशा ओसरत्या परिणामाची किंमत रुपयांत कशी मांडावी, हे एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. उदाहरणातील पेढी कल्पित आहे. मात्र हिशेबाची रीत कोणत्याही व्यवसायाला लागू पडणारी आहे.

सांगली ही हळदीची जुनी बाजारपेठ. तेथील एका कुटुंबाचा हळद व मसाल्यांच्या पाकिटांचा व्यवसाय आहे, असे समजू. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, खरेदी आणि बँकेचे व्यवहार पाहतात. चिरंजीव विक्री सांभाळतात. जुलै महिन्यात चिरंजीवांच्या आग्रहावरून सोलापूर जिल्ह्यापुरती एक मोहीम झाली: एस.टी. गाड्यांवरील फलक, स्थानिक वृत्तपत्रे, केबल आणि रेडिओ. खर्च साडेपाच लाख रुपये, तोही सुरुवातीलाच चुकता केलेला. या खर्चावरील जीएसटीची वजावट पेढीला मिळत असल्याने ही रक्कम कर सोडून धरली आहे. डिसेंबरात जाहिरात संस्थेचा माणूस तीच मोहीम पुन्हा करण्याचा प्रस्ताव घेऊन आला आणि बापलेकांपुढे वह्या उघडल्या गेल्या.

वाढलेली विक्री म्हणजे जाहिरातीची विक्री नव्हे

चिरंजीवांनी पहिला आकडा मांडला. "अण्णा, गेल्या वर्षी जुलैत सोलापूरला ३६ लाखांचा माल गेला होता. यंदा ५१ लाखांचा गेला. १५ लाखांची वाढ आहे."

अण्णांनी विचारले, "माल गेला, पण तो खपला का?"

हा प्रश्न नेमका होता. पेढीच्या वहीत विक्री नोंदली जाते ती वितरकाला माल पाठवला की. जाहिरात येणार हे कळल्यावर वितरक आधीच जास्त माल भरून ठेवतात; पुढच्या महिन्यांत तेवढीच मागणी कमी करतात. म्हणून वितरकांकडील साठ्याचे आकडे मागवले गेले. जुलैच्या आरंभी त्यांच्याकडे १४ लाखांचा माल होता, महिनाभरात ५१ लाखांचा आला आणि अखेरीस १९ लाख ४० हजारांचा शिल्लक राहिला. आरंभीची शिल्लक अधिक आवक, वजा अखेरची शिल्लक, या साध्या मेळाने खरा उठाव निघाला ४५ लाख ६० हजारांचा. गेल्या वर्षी त्या महिन्यात साठ्यात फारसा चढउतार नव्हता, म्हणून ३६ लाख हाच तेव्हाचा उठाव. म्हणजे वाढ १५ लाखांची नसून ९ लाख ६० हजारांची होती.

पण हीदेखील सगळी जाहिरातीची नव्हे. भाव वाढले, नवी दुकाने जोडली गेली, एखाद्या स्पर्धकाचा माल अपुरा पडला, तर जाहिरातीवाचूनही विक्री वाढतेच. ती किती वाढली असती, हे कळण्यासाठी शेजारचा असा एक भाग पाहावा लागतो, जेथे जाहिरात झालेली नाही. सातारा जिल्ह्यात पेढीचा तोच माल त्याच भावाने जातो. तेथे मोहीम नव्हती. तेथील उठाव गेल्या जुलैच्या २० लाखांवरून यंदा २२ लाखांवर गेला, म्हणजे दहा टक्के वाढला. सोलापुरातही जाहिरातीवाचून तेवढीच वाढ झाली असती असे धरले, तर ३६ लाखांचे ३९ लाख ६० हजार झाले असते. प्रत्यक्ष उठाव ४५ लाख ६० हजार. फरक सहा लाख. जाहिरातीच्या नावे जमा करायची रक्कम एवढीच.

तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करण्याचे कारण मसाल्याच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. मार्च ते मे हा घरोघरी वर्षाचे तिखट-मसाला करण्याचा काळ. फेब्रुवारीत जाहिरात करून एप्रिलची विक्री जानेवारीशी ताडून पाहिली, तर हंगामाचे सारे श्रेय जाहिरातीला मिळेल. शेजारचा जिल्हा निवडतानाही तेथे नवा वितरक नेमला गेला नाही, निराळी सवलत दिली गेली नाही, आणि सोलापूरच्या वृत्तपत्रांची किंवा केबलची पोहोच तेथे नाही, हे पाहून घ्यावे लागते. नाहीतर मोजपट्टीच खोटी ठरते.

ओसरण्याचा वेग

याच रीतीने पुढील महिने मोजले गेले. जुलैतील जादा उठाव ६ लाख, ऑगस्टमध्ये ४ लाख ६० हजार, सप्टेंबरात ३ लाख ३० हजार, ऑक्टोबरात २ लाख ६० हजार आणि नोव्हेंबरात १ लाख ९० हजार. आकडे अगदी सरळ रेषेत नाहीत. व्यवहारातील आकडे तसे नसतातच. तरी त्यांची चाल दिसते. ती एका संख्येत पकडण्यासाठी शेवटच्या चार महिन्यांची बेरीज, १२ लाख ४० हजार, पहिल्या चार महिन्यांच्या बेरजेने, १६ लाख ५० हजारांनी, भागली. उत्तर सुमारे ०.७५ आले. म्हणजे प्रत्येक महिन्यात आदल्या महिन्याच्या परिणामापैकी पाऊण हिस्सा टिकतो आणि पाव हिस्सा विरतो. या पाऊण हिश्श्याला 'टिकाव' म्हणू. दोनच महिन्यांचे गुणोत्तर न घेता बेरजा घेतल्या, कारण एखाद्या महिन्यातील सणवार वा पुरवठ्याचा खोळंबा यामुळे एकटे गुणोत्तर फसवते.

डिसेंबरपासून जादा उठाव दीड लाखाच्या आत येतो. दरमहा चाळीस लाखांच्या उठावात एवढा चढउतार कोणत्याही कारणाने होतो, त्यामुळे पुढचा परिणाम मोजता येत नाही; तो टिकावाच्या हिशेबाने अंदाजावाच लागतो. सुदैवाने पाऊण टिकाव असेल, तर एकूण परिणामापैकी ८२ टक्के पहिल्या सहा महिन्यांतच येऊन गेलेला असतो. शेपटीचा अंदाज थोडा चुकला तरी मूळ निर्णय सहसा उलटत नाही. मात्र वजाबाकी अगदी निसटती असेल, तर शेपटीवर भिस्त ठेवू नये.

येथे मासिक वह्यांचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, लिन या गावी, लिडिया पिंकहॅम यांच्या नावाने स्त्रियांसाठीच्या वनौषधी काढ्याचा धंदा १८७५ मध्ये सुरू झाला. जवळजवळ केवळ जाहिरातीच्या बळावर तो चालला. पुढे मालकी कुटुंबाच्या पिंकहॅम आणि गोव्ह या दोन शाखांत विभागली गेली, जाहिरातीच्या खर्चासह कारभारावरून त्यांच्यात वाद पेटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. भाऊबंदकीच्या या खटल्यामुळे एरवी तिजोरीत राहिले असते असे कित्येक वर्षांचे जाहिरातीचे व विक्रीचे आकडे जगापुढे आले. क्रिस्टियन पाल्दा या अभ्यासकाने १९६४ मध्ये त्यांवरून जाहिरातीच्या साठत जाणाऱ्या परिणामाचे मोजमाप प्रसिद्ध केले, आणि पुढे अनेकांनी तेच आकडे अभ्यासले. १९७६ मध्ये डॅरल क्लार्क यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. वार्षिक आकडे वापरले की जाहिरातीचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो असे भासते. महिन्यांचे आकडे वापरले की तो काही महिन्यांतच ओसरलेला दिसतो, असे त्यांना आढळले. वारंवार विकत घेतल्या जाणाऱ्या, रुळलेल्या, कमी किमतीच्या वस्तूंच्या बाबतीत नव्वद टक्के परिणाम तीन ते नऊ महिन्यांत येऊन जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या उदाहरणातील पाऊण टिकावात नऊ महिन्यांत सुमारे साडेब्याण्णव टक्के परिणाम येतो. म्हणजे तो या निष्कर्षापासून फार दूर नाही. वर्षाचा ताळेबंद पाहून "जाहिरात अजून फळ देते आहे" म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

विक्री नव्हे, अंशदान

पहिल्या महिन्यात सहा लाख आणि पुढे दरमहा पाऊणपट, असे सर्व महिने जमा केले तर एकूण जादा विक्री २४ लाख होते. साडेपाच लाखांत २४ लाख, हे ऐकायला गोड आहे. पण विक्रीतून मालाची किंमत द्यावी लागते. कर सोडून शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्चा माल व दळणकांडणाचे ६१ रुपये, पाकिटांचे ६, वाहतूक व हमालीचे ४ आणि वितरकाच्या सवलतीचे ४, असे ७५ रुपये जातात. उरतात २५. यालाच वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत अंशदान म्हणतात. गोदामाचे भाडे आणि कायम नोकरांचे पगार यात धरायचे नाहीत, कारण सहा लाखांचा जादा माल विकला गेला म्हणून ते वाढले नाहीत. जादा पाळी चालवावी लागली असती, तर तिची मजुरी मात्र धरावी लागली असती.

तेव्हा पहिल्या महिन्याचे जादा अंशदान दीड लाख आणि सर्व महिन्यांचे मिळून सहा लाख. खर्च साडेपाच लाख. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे पन्नास हजार सुटले, अण्णा."

"सुटले खरे, पण कधी?" अण्णा म्हणाले.

महिन्यांचा वटाव

तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी आज वटवली, तर दर्शनी रक्कम हाती येत नाही. मुदतीचे व्याज कापून येते. जाहिरातीचे फळ ही अशाच निरनिराळ्या मुदतींच्या हुंड्यांची माळ आहे. प्रत्येक हुंडीचा वटाव वेगळा. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याला वर्षाला बारा टक्के व्याज पडते. तेच महिन्याला एक टक्का धरू. महिनाअखेरीस येणाऱ्या दीड लाखाचे आजचे मूल्य एक लाख साडेअठ्ठेचाळीस हजार. दुसऱ्या महिन्यातील १ लाख १२ हजार ५०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे १ लाख १० हजार ३००. तिसऱ्या महिन्याच्या सुमारे ८४ हजार ४०० रुपयांचे ८१ हजार ९००. असे पुढे.

प्रत्येक महिना मांडत बसण्याची गरज नाही. टिकाव दरमहा सारखा असेल, तर साऱ्या माळेची बेरीज एका भागाकाराने मिळते:

आजचे मूल्य = पहिल्या महिन्याचे जादा अंशदान ÷ (१ + मासिक व्याजदर − टिकाव)

येथे भाजक १ + ०.०१ − ०.७५, म्हणजे ०.२६. दीड लाखाला ०.२६ ने भागले की ५ लाख ७७ हजार येतात. खर्च वजा जाता २७ हजार उरतात. पन्नास हजारांतले तेवीस हजार केवळ वाट पाहण्यात गेले.

या भाजकाकडे जरा थांबून पाहावे. व्याजदर आणि टिकाव दोन्ही त्यात आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. व्याज महिन्याला एकऐवजी दीड टक्का धरले, तर मूल्य ५ लाख ७७ हजारांवरून ५ लाख ६६ हजारांवर येते. उलट टिकाव ७५ ऐवजी ७० टक्के निघाला, तर मूल्य ४ लाख ८४ हजार. ८० टक्के निघाला तर ७ लाख १४ हजार. व्याजदरातील अर्धा टक्का अकरा हजारांचा फरक पाडतो, तर टिकावातील पाच टक्के लाख-सव्वा लाखाचा. म्हणून बँकेच्या दरावर घासाघीस करण्याआधी मासिक उठावाचे आकडे नीट ठेवणे अधिक मोलाचे ठरते.

उधारीचा फटका

येथवर एक गोष्ट सुटली होती, आणि ती अण्णांच्या बँकेच्या पासबुकाने दाखवून दिली. सोलापूरचे वितरक दोन महिन्यांनी पैसे देतात. चिरंजीवांचा प्रथम असा समज झाला, की दोन महिन्यांचे व्याज अंशदानावर पडेल, म्हणजे २५ रुपयांवर पन्नास पैसे. तसे नाही. हळद, मिरची, पाकिटे, भाडे यांचे ७५ रुपये त्याच महिन्यात खिशातून जातात आणि पूर्ण १०० रुपये दोन महिने अडकून पडतात. दोन महिन्यांनी येणाऱ्या १०० रुपयांचे विक्रीच्या महिन्यातील मूल्य ९८ रुपये ३ पैसे. त्यातून ७५ गेले की उरतात २३ रुपये ३ पैसे. व्याज दोन टक्क्यांचे, पण अंशदान जवळजवळ आठ टक्क्यांनी घटले. ज्या धंद्यात सुटणारी रक्कम लहान आणि उलाढाल मोठी, तेथे उधारीचा फटका नेहमी असाच बसतो.

आता पहिल्या महिन्याचे अंशदान १ लाख ३८ हजार आणि साऱ्या माळेचे आजचे मूल्य ५ लाख ३१ हजार. खर्च साडेपाच लाख. पन्नास हजारांचा भासलेला नफा साडेअठरा हजारांच्या तोट्यात गेला. एखादा वितरक बुडीत निघाला असता, तर त्याचा हिशेब आणखी वेगळा. आयकराने हे चित्र बदलत नाही. जाहिरातीचा खर्चही वजा होतो आणि जादा अंशदानावरही तोच दर बसतो, म्हणून तोटा नफ्यात जात नाही.

वार्षिक हिशेबातून हे कधीच दिसले नसते. जाहिरातीचा खर्च ज्या वर्षी होतो त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात खर्ची पडतो. तो मालमत्ता म्हणून पुढे ओढता येत नाही. मोहीम फेब्रुवारीत झाली असती, तर खर्चाचा सारा भार या वर्षावर आणि बरेचसे फळ पुढच्या वर्षात दिसले असते. जुलैत झाल्यामुळे दोन्ही एका वर्षात आले, पण विक्रीच्या मोठ्या आकड्यात मिसळून गेले.

पुन्हा करावी का?

प्रस्ताव टाकून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. तोटा लहान आहे आणि तो कोठून आला हे ठाऊक आहे. सोलापूरची उधारी दोनऐवजी एक महिन्यावर आली, तर शंभरामागे २४ रुपये १ पैसा उरेल आणि मूल्य ५ लाख ५४ हजार होईल. खर्च जेमतेम भरून निघेल. उधारी तशीच ठेवून मोहिमेचा खर्च पाच लाखांवर आणला, तर ३१ हजार उरतील. दोन्ही साधले, तर ५४ हजार. या आकड्यांनी बोलणी कोठे करायची हे ठरते: एक वितरकाशी, एक जाहिरात संस्थेशी.

दुसऱ्या मोहिमेचा हिशेब करताना एक चूक टाळावी लागेल. पहिल्या मोहिमेचा उरलेला परिणाम दुसरीच्या नावे जमा होता कामा नये. जानेवारीत मोहीम केली, तर पहिलीचा सुमारे एक लाखाचा जादा उठाव त्या महिन्यातही शिल्लक असेलच. तो आधी वजा करून मगच दुसरीचे फळ मोजायचे. मोहिमा जितक्या जवळजवळ, तितकी ही वजाबाकी मोठी. शिवाय ज्यांनी एकदा जाहिरात पाहून पाकीट नेले, त्यांना दुसऱ्यांदा तीच जाहिरात पहिल्याइतकी हलवीलच असे नाही. पहिला महिना सहा लाखांचा येईल असे गृहीत धरण्यापेक्षा तो साडेपाच लाखांचा आला तर काय, हेही मांडून पाहावे. एक महिन्याची उधारी आणि पाच लाखांचा खर्च धरला, तर साडेपाच लाखांच्या पहिल्या महिन्याने मूल्य ५ लाख ८ हजार येते. नफा उरतो, पण बोटभर.

एक गोष्ट मात्र या हिशेबाबाहेर राहते. जाहिरातीमुळे प्रथमच पाकीट नेलेल्या गृहिणींपैकी काहींना हळदीचा रंग आवडला, तर त्या पुढे वर्षानुवर्षे तेच पाकीट घेतील. असे झाले असल्यास जादा उठाव शून्याकडे न जाता एखाद्या पातळीवर स्थिरावेल. ते आज गृहीत धरून चालणार नाही. पुढच्या जुलैत सोलापूर आणि सातारा पुन्हा शेजारी मांडले, की सोलापूरची आघाडी टिकली आहे की नाही, हे आकडेच सांगतील.

अण्णांनी प्रस्तावावर "पाच लाख, त्याहून अधिक नाही" असे लिहिले. चिरंजीवांनी सोलापूरच्या वितरकांना पत्र घातले: महिन्याच्या आत रक्कम देणाऱ्यालाच नव्या मोहिमेच्या काळात वाढीव माल मिळेल. आणि वहीत एक नवे पान उघडले गेले, ज्यात दरमहा तीनच रकाने आहेत: सोलापूरचा उठाव, साताऱ्याचा उठाव आणि वितरकांकडील शिल्लक.